धा दोघांचा

मेडशीच्या शाळेत मी मास्तर होतो त्या दिवसांत माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असे आणि कोटाच्या खिशात वही. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. मी व्हर्नाक्युलर फायनल पास होतो, घरात बायको आणि दोन लेकरं होती, आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत करायला काही म्हणजे काही नव्हतं. पत्ते मला जमत नसत. हरलो की मी भांडायचो, म्हणून चावडीवरच्या मंडळींनी मला खेळात घेणं सोडून दिलं होतं. अशा माणसाने तबला शिकायचं ठरवलं.

"या वयात?" बायको म्हणाली. "लोकं आपल्या पोरायले शिकवतात, तुमी सोताच बसून राह्यले."

बाजाराच्या गल्लीत उस्तादांचं घर होतं. पुढच्या ओसरीत ते आसपासच्या गावांतल्या ढोलक्या, मृदंग, तबले मढवून देत. मागे स्वयंपाकघर, आणि मध्ये तरटाचा पडदा. पडद्याच्या मागे त्यांची बायको, माझी चाची. चाचीचं तोंड मी वर्षभर नीट पाहिलंही नव्हतं, पण तिचा आवाज रोज ऐकला. चहा आला की पडद्याखालून बशी सरकायची आणि आवाज यायचा, "मास्तर, थंडा होईन."

उस्ताद पन्नाशीचे होते. किन्हीराजाच्या देवळात दर साली सप्ताह होई, आणि शेवटच्या दिवशी काल्याच्या भजनाला जे बुवा गात त्यांच्या साथीला वीस वर्षं हेच बसत. वर्षभर कातडी ताणणारा हा माणूस त्या एका सकाळसाठी जगतो की काय, असं वाटण्याइतकं ते त्या काल्याबद्दल बोलत. कुणाला कोणती चाल आवडली, बुवांनी कुठे सम सोडली आणि आपण कशी राखली, सगळं तोंडपाठ.

पहिल्या दिवशी मी तबल्याला हात लावायला गेलो तर त्यांनी हातोडीच्या दांड्याने माझं बोट बाजूला केलं.

"पहिले तोंड, मंग हात. तोंडातून साफ निघत नाई थे हातातून काय निघंन?"

चार महिने मी फक्त बोललो. मांडीवर टाळी द्यायची आणि म्हणायचं, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रा. पहिलीला टाळी, ती सम. पाचवीला टाळी. नववीला टाळी द्यायची नाही, हात हवेत झटकायचा, ती खाली. तेरावीला पुन्हा टाळी. ढोलकी न्यायला आलेली माणसं ओसरीत उभी राहून बघत. एकदा माझ्याच वर्गातल्या पोराचा बाप आला, थोडा वेळ ऐकत थांबला आणि म्हणाला, "मास्तर, पाढे बदलले काय सरकारनं?" माझं डोकं फिरलं. पण टाळी सोडली तर उस्ताद पहिल्यापासून म्हणायला लावत, म्हणून मी सोळाव्या मात्रेपर्यंत राग धरून ठेवला आणि तोवर तो गृहस्थ निघून गेला. माझ्या आयुष्यात मी गिळलेला तो पहिला राग असावा.

पाचव्या महिन्यात हात लागला. उजव्या तबल्याच्या काठावर तर्जनी मारायची, अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या चकतीच्या, कडेला हलकी टेकलेली ठेवायची, ना; ठेक्यात यालाच ता म्हणतात. तेच बोट काठावरून थोडं आत, काठ आणि शाई यांच्या मधल्या जागेवर, जरा मऊ, तिं. डाव्या डग्ग्यावर मनगट टेकवायचं, बोटं वाकवून टोकांनी मारायचं आणि लगेच उचलायचं, म्हणजे आवाज घुमतो, तो गे. पंजा सपाट मारून तिथेच ठेवला तर आवाज मरतो, तो क. ना आणि गे एकदम वाजले की धा. तिं आणि गे एकदम वाजले की धिं.

मी वही काढली आणि लिहिलं: ना अधिक गे बरोबर धा. खाली: तिं अधिक गे बरोबर धिं. त्याखाली: म्हणून धा वजा गे बरोबर ना. वही उस्तादांना वाचून दाखवली. ते पोट धरून हसले आणि पडद्याकडे तोंड करून ओरडले, "ऐकलं का वं? तीस साल वाजवलं, आज हिसाब समजला!"

पडद्यामागून चाची म्हणाली, "हिसाब बराबर हाय. पन दोन्ही एका वक्ती पडले पाह्यजे, नाई तं मास्तरचा धा धा होत नाई. नागे होते, नाई तं गेना होते."

हे मी वहीत लिहिलं नाही. बायकांनी काढलेली चूक लिहून ठेवायची माझी पद्धत नव्हती, आणि त्या वेळी मला तिचं म्हणणं फारसं समजलंही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर उस्ताद बंडीतून पडले. बैल बुजले, चाक नाल्यात गेलं आणि यांनी पडताना डावा हात खाली टेकला. मनगट मोडलं. अकोला लांब, वाट चिखलाची, म्हणून गावातल्याच हाड बसवणाऱ्याने काटक्या बांधून हात बसवला. बसला, पण मनगट वाकेना. दोन महिन्यांनी काटक्या सोडल्या तेव्हा हात माझ्या वर्गातल्या पाटीसारखा सपाट आणि ताठ होता. बोटं हलत, पण वाकून कातड्यावर पडत नसत.

मी त्या दिवशी तिथेच होतो. उस्तादांनी तबला जोडी पुढे ओढली, उजवा हात झटकला आणि ठेका धरला. उजवा होता तसाच होता, स्वच्छ आणि ठाशीव. ना होता, तिं होता, तिरकिटही होतं, कारण त्यातला क सपाट पंजाचा असतो आणि सपाट पंजा त्यांच्याकडे होता. नव्हता तो फक्त गे. आणि गे गेला म्हणजे त्याच्याबरोबर धा जातो, धिं जातो. तोंडाने ते म्हणत होते, धा धिं धिं धा, आणि हातातून येत होतं, ना तिं तिं ना. माझ्या वहीतली वजाबाकी माझ्यासमोर वाजत होती. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी त्या हाड बसवणाऱ्याला शिव्या घातल्या.

"त्याले कायले बोलता," उस्ताद म्हणाले. "भाकर तोडता येते, कातडं दाबून धरता येते. बस झालं."

पण बस झालेलं नव्हतं. दिवाळीनंतर बाजाराच्या दिवशी किन्हीराजाचे बुवा आले. लठ्ठ, प्रेमळ माणूस, आवाज गोड. सप्ताह वीस दिवसांवर आला होता. ओसरीत बसून त्यांनी एक पद म्हणायला सुरुवात केली आणि उस्तादांनी उजव्या हाताने साथ धरली. बुवांनी एक ओळ वर नेली, फिरवली, परत यायला निघाले आणि मध्येच थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले.

"उस्ताद, राग नका मानू," ते म्हणाले. "मले परत यायची जागा सापडून नाई राह्यली. कानाले सगयंच खाली लागते."

बरोबरच होतं ते. गाणारा डोळ्यांनी मात्रा मोजत नाही. डग्गा घुमत असतो, मग चार मात्रा गप्प होतो, मग पुन्हा घुमतो. त्या गप्प होण्यावरून त्याला कळतं की खाली झाली, आता सम जवळ आली. डग्गा सगळीकडेच गप्प असेल तर बिचारा कशावरून ओळखणार?

"औंदा काल्याले अकोल्याहून एक जन बोलावतो," बुवा हळूच म्हणाले. "एक सालचा सवाल हाय. हात बरा झाला का मंग तुमीच."

हात बरा होणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. पडद्यामागे भांडं ठेवल्याचा आवाज आला. उस्ताद मान डोलवत होते, हाव, हाव, बराबर हाय, असं म्हणत होते, आणि ताठ हाताने डग्ग्यावरची धूळ पुसत होते.

मला राहवलं नाही. मी वही काढली.

"धा म्हणजे ना अधिक गे," मी म्हणालो. "ना उस्तादांकडे आहे. गे माझ्याकडे आहे. बेरीज दोन माणसांनी मिळून केली तर कुठे बिघडलं? तबला ते वाजवतील, डग्गा मी."

बुवा माझ्याकडे पाहत राहिले. उस्ताद मात्र उखडले. एवढ्या दिवसांत मी त्यांना प्रथमच चिडलेलं पाहिलं.

"अर्धा तबला कोन वाजवते? लोकं हासतीन. एका ताटात दोघं जेवले तं चालते, एका घासाले दोन तोंडं लागत नाई."

"मंग अकोल्यावाला पुरा घास खाईन," पडद्यामागून आवाज आला, "आन् तुमी पाहात बसजा."

उस्तादांनी पडद्याकडे पाहिलं आणि डग्गा थोडा माझ्याकडे सरकवला. बुवांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. जमलं तर दोघं या, नाही जमलं तर निरोप धाडा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. उस्तादांच्या पुढे तबला, त्यांच्या डाव्या अंगाला डग्गा, आणि डग्ग्याच्या पलीकडे मी. मला वाटलं होतं तासाभरात जमेल. मी उस्तादांच्या उजव्या हातावर डोळा ठेवला. तर्जनी काठावर पडली की मी माझी बोटं टाकायची, इतकं सोपं. धा. धिं. धिं. धा. माझ्या कानाला तर छान लागलं.

"नागे," चाची आतून म्हणाली.

पुन्हा केलं.

"नागे. मले दोन मानसं ऐकू येऊन राह्यले."

मी जास्त बारकाईने पाहायला लागलो. त्यांचं बोट उचललं जातं कधी, खाली येतं कधी, सगळं टिपून घेतलं. चिडून लवकर हात टाकला तर गेना झालं. सांभाळून टाकला तर नागे. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मी डग्गा ढकलला आणि म्हणालो, "तुमचा ठेकाच डुलतोय." हे मी वीस वर्षं साथ केलेल्या माणसाला म्हणालो. आज आठवलं तरी कानाची पाळी गरम होते.

उस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चाचीने केलं नाही. तिने पडदा बाजूला सारला आणि पहिल्यांदाच ओसरीत आली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून.

"मास्तर, तुमी यायच्या बोटाकडे काहून पाह्यता?"

"मग कशाकडे पाहू?"

"कशाकडेच नोका पाहू. बोट पडलेलं दिसलं का तवा थे पडून गेलेलं राह्यते. मंग तुमचा हात उठते. नागेच होईन, दुसरं काय होईन? चार महिने यायनं तुमच्याकून बोलून काहून घेतलं? दोघं बोला. मोठ्यानं. धा म्हनाले दोन तोंडं लागतीन, पन धा एकच निघंन. तोंडातला धा तोडता येत नाई. हात त्याच्या मांगं जातीन."

एवढं बोलून ती आत गेली. मी उस्तादांकडे पाहिलं. ते चक्क गालात हसत होते.

"तिनं कवा हात नाई लावला तबल्याले," ते म्हणाले. "पन माही चूक सगयात पहिले तिलेच समजते."

मी डोळे मिटले. दोघांनी ठेका म्हणायला सुरुवात केली, एका सुरात, माझ्या वर्गातली पोरं पाढे म्हणतात तशी. चार आवर्तनं, म्हणजे सोळा मात्रांचे चार फेरे, नुसतीच म्हटली. मग हात लावले. धा म्हणताना माझी बोटं आपोआप पडली. त्यांचंही पडलं असणार, कारण ना वेगळा ऐकू आला नाही आणि गे वेगळा ऐकू आला नाही. काठाचा टणत्कार आणि डग्ग्याचा घुमारा एकाच आवाजात होते. आत चुलीवर काहीतरी फोडणीला पडलं. चाची काही बोलली नाही, म्हणजे जमलं होतं.

पुढचे दहा दिवस आम्ही आवाज कमी करत आणला. आधी मोठ्याने, मग पुटपुटत, मग नुसते ओठ हलवत. शेवटी ओठही बंद आणि बोल आतल्या आत. मी वर्गात फळ्यावर लिहितानाही आतून ठेका चालू असे. पोरं म्हणत, मास्तर आजकाल मारत नाहीत. खरंच होतं, हात रिकामा नव्हता.

काल्याच्या आदल्या दिवशी बंडीतून किन्हीराजाला गेलो. चाचीही आली. किन्हीराजा तिचं माहेर, भावाचं घर देवळाला लागूनच, आणि त्या घराच्या अंगणाची मागची भिंत म्हणजेच सभामंडपाची भिंत. ती म्हणाली, "मी अंगनातूनच ऐकन. लहानपनापासून तसंच ऐकलं."

सकाळी मंडप भरला. बुवा मधोमध, मागे टाळकरी, उजव्या अंगाला आम्ही. एका जोडीपुढे दोन माणसं बसलेली पाहून कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "मास्तर डग्ग्याले राखन बसले काय?" माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. उस्तादांनी हातोडीने गट्टे ठोकत तबला सुरात लावला, माझ्याकडे न पाहता ओठ हलवले, आणि मी त्या ओठांतला धा धरला.

पहिलं पद छान गेलं. दुसरंही. बुवांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली, ते मोकळे झाले, मागे रेलून गायला लागले. कुजबुज थांबली. माझा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की माणूस सैल होतो तसा मी झालो. तिसऱ्या पदाला लय वाढली. टाळ तापले. लोक माना हलवत होते, आणि मला वाटायला लागलं की हे सगळं माझ्या डग्ग्यामुळे चाललंय. मी आतून बोल म्हणायचं सोडलं आणि नुसता मजेत वाजवायला लागलो.

नवव्या मात्रेचा धा झाला. तिथून पुढे चार मात्रा डग्ग्याने गप्प बसायचं असतं: तिं, तिं, ता, ता. मी गप्प बसलो नाही. उस्तादांच्या प्रत्येक तिंवर माझा गे पडला आणि तिंचा धिं झाला. दोन्ही 'ता'चे धा झाले. बुवा नेमके त्याच वेळी एक ओळ उंच घेऊन फिरत होते. खालीची वाट बघत त्यांनी ती ओळ धरून ठेवली, आणि खाली आलीच नाही. सम येऊन गेली. मी त्यांना पाहिलं, त्यांच्या कपाळावर आठी आली, ते तीच ओळ पुन्हा फिरवायला लागले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून आमच्याकडे पाहू लागले. टाळकऱ्यांतला एक गोंधळून थांबला. मला कळलं होतं काय चुकतंय, पण हात थांबेना. ओठांतला बोल एकदा सुटला की तो वाहत्या ठेक्यात परत पकडणं मला येत नव्हतं.

पुन्हा नववी मात्रा आली. धा झाला, माझी बोटं पुन्हा उचलली गेली, आणि त्याच क्षणी उस्तादांचा डावा हात, तो ताठ, पाटीसारखा हात, आडवा येऊन डग्ग्याच्या कातड्यावर बसला. मारला नाही, ठेवला. माझी बोटं पडली पण गे निघाला नाही. नुसता ठप्प आवाज झाला आणि जागेवर विरला. मी थांबलो. वर उजवा हात एकटाच वाजत होता, तिं, तिं, ता, ता, इतका स्वच्छ की मंडपात दुसरं काही नव्हतंच जणू. मग तो ताठ हात उचलला गेला, मी आतून धिं म्हणालो, आणि डग्गा घुमला.

बुवांनी खाली ओळखली. ओळ उतरत उतरत आली आणि समेवर अशी बसली की साऱ्या मंडपातून एकदम 'वा' निघाला.

त्यानंतर प्रत्येक आवर्तनात तो हात आला. नववीनंतर यायचा, चार मात्रा बसायचा, चौदावीला उठायचा. एक-दोन आवर्तनांनी मला त्याची गरज राहिली नव्हती, मी माझा गप्प राहत होतो. पण मी उस्तादांना तसं सुचवलं नाही. सहा महिने धूळ पुसायच्या कामाला लागलेला हात पुन्हा डग्ग्यावर बसत होता, आणि त्यांचा चेहरा मी बघत होतो. ते खूश होते. मलाही इतकं बरं वाटत होतं की 'राखन' म्हणून हसणाऱ्या माणसावरचा रागसुद्धा विसरलो.

दहीहंडी फुटली, काला वाटला. बुवा घामाने निथळत आमच्याकडे आले आणि उस्तादांच्या हातात नारळ ठेवला.

"पुढच्या साली दोघंबी या," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मास्तर, मधात एकडाव गेलो होतो ना मी नाल्यात?"

"तुम्ही नाही, मीच नेलं तुम्हाला," मी म्हणालो. कबुली द्यायची मला सवय नव्हती, पण त्या दिवशी ती सहज निघाली.

आम्ही चाचीच्या भावाच्या अंगणात आलो. द्रोणांत लाह्या-दही घेऊन बाजेवर बसलो. चाची दाराच्या आत उभी होती, भिंतीला टेकून. तिचा निकाल ऐकायला मी उतावीळ झालो होतो. शाळा-तपासणीच्या साहेबापुढे कधी झालो नसेन इतका.

"चाची, किती माणसं ऐकू आली?"

तिने पदर पुढे ओढला.

"पहिल्या पदाले एक. मंग तिसऱ्याले गडबड झाली, तवा दोन. मंग एकदम एकच. मी कळशी घेऊन उभी होती. मले माहीत होतं तुमी दोघं बसले. बंडीत संगंच तं आलो. तरी डग्गा गप्प झाला न, थे जसा पहिले यायच्या हातानं गप्प होये तसाच झाला. म्या कळशी खाली ठेवली आन् दरवाजापावतर गेली पाहाले. मले वाटलं, यायचा हात बरा झाला."

उस्तादांनी द्रोण मांडीवर ठेवला. डावा हात उलटा-सुलटा करून पाहिला, नारळ त्याच्यावर तोलून पाहिला, आणि दाराकडे बघून म्हणाले,

"झाला ना बरा. फक्त मास्तरच्या आंगाले जाऊन लागला."

चाची आत वळली. मी माझा द्रोण उस्तादांपुढे सरकवला, आणि आम्ही दोघांनी एकाच द्रोणातून लाह्या खाल्ल्या.